मुदत नसलेले सभासदत्व : लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासद-यादीचा व थकबाकीचा इतिहास (१६६० ते १७१०)

१

एखाद्या क्लबाच्या अगर मंडळाच्या दप्तरात जी कागदपत्रे सापडतात त्यांत सभासदांच्या नूतनीकरणाची नोंदवही ही बहुधा सर्वांत नीरस समजली जाते. कोणाची मुदत केव्हा संपते, कोणाला स्मरणपत्र धाडावयाचे, किती जण गळाले, एवढेच तिच्यात असावयाचे. संस्थेचा इतिहास लिहिणारा अभ्यासक प्रायः सभांचे वृत्तांत, पत्रव्यवहार आणि ग्रंथ यांकडे वळतो व ही वही बाजूस सारतो. परंतु संस्था किती मोठी होती, या प्रश्नाचे उत्तर अखेर याच वहीतून मिळवावे लागते. आणि ती कशी ठेवली गेली हे ठाऊक नसेल तर मिळणारे उत्तर चुकीचे असते. प्रस्तुत निबंधात या गोष्टीचा विचार एका सुप्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे केला आहे.

‘क्लब’ या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ खर्च वाटून घेणे असा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये खानावळीत व कॉफीगृहांत जमणाऱ्या मित्रमंडळींनी आपापला वाटा टाकून बिल भागवावयाचे, या रिवाजावरून तो शब्द त्या मंडळींनाच लागू झाला. जॉन ऑब्री या चरित्रकाराने हा शब्द आपल्या काळी अशा मंडळींसाठी रूढ झाल्याचे नोंदविले आहे. २८ नोव्हेंबर १६६० रोजी ग्रेशॅम कॉलेजात एकत्र येऊन ज्या गृहस्थांनी निसर्गज्ञानाच्या अभ्यासासाठी मंडळ स्थापन केले त्यांनीही पहिल्याच बैठकीत हाच प्रश्न सोडविला. प्रवेशाच्या वेळी १० शिलिंग आणि त्यानंतर दर आठवड्यास १ शिलिंग, आणि तो सभासद बैठकीस हजर असो वा नसो, असे ठरले. पुढे प्रवेशशुल्क वाढून ४० शिलिंगांवर गेले. आठवड्याचा शिलिंग मात्र कायम राहिला.

१६६२ व १६६३ या वर्षीच्या सनदांनी या मंडळास ‘रॉयल सोसायटी’ हे नाव व कायदेशीर अस्तित्व लाभले. नावात राजा असला तरी तिजोरीत राजाचा पैसा नव्हता. पॅरिस येथे १६६६ साली स्थापन झालेल्या विज्ञान-अकादमीतील विद्वानांना फ्रेंच राजाकडून वेतन मिळे. लंडनच्या मंडळास आपला खर्च सभासदांच्या शिलिंगांवर चालवावा लागे. या अर्थाने ते, सनद मिळाल्यानंतरही, एक क्लबच राहिले. म्हणूनच त्याच्या सभासद-यादीचा इतिहास कोणत्याही क्लबाच्या नोंदवहीचा अभ्यास करणाऱ्यास उपयोगी पडतो.

२

प्रथम हिशेब स्पष्ट करून घेणे इष्ट होईल. आठवड्यास १ शिलिंग म्हणजे वर्षास ५२ शिलिंग, अर्थात २ पौंड १२ शिलिंग. प्रत्यक्षात ही रक्कम आठवड्यागणिक गोळा करणे अशक्य असल्याने ती तिमाहीने, म्हणजे १३ शिलिंगांच्या चार हप्त्यांनी, मागितली जाई. शंभर सभासदांनी नियमाने वर्गणी दिली तर मंडळाचे वार्षिक उत्पन्न २६० पौंड व्हावयास हवे. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. रॉबर्ट हूक याजकडे प्रयोगांची व्यवस्था होती. त्यास मंडळाकडून मिळावयाचे वेतन वर्षास ३० पौंड एवढेच होते.

या योजनेत हप्त्याची तारीख होती, परंतु सभासदत्वाची मुदत नव्हती. आजच्या एखाद्या क्लबात वर्षाची वर्गणी भरली की वर्षभर सभासदत्व मिळते. वर्ष संपले आणि पैसे आले नाहीत की नाव आपोआप गळते. म्हणजे तेथे काही न करणे हे बाहेर पडण्यासारखेच असते. रॉयल सोसायटीत याच्या उलट होते. निवडून आलेला मनुष्य सनद-पुस्तकात स्वाक्षरी करी, आणि त्या स्वाक्षरीच्या वर मंडळाचे हित साधण्याचे व त्याचे नियम पाळण्याचे वचन लिहिलेले असे. त्या वचनाच्या अखेरीस सुटकेचे कलमही होते : ज्यास मंडळ सोडावयाचे असेल त्याने तसे आपल्या हाताने लिहून अध्यक्षास कळवावे; मग पुढील काळापुरता तो बंधनातून मोकळा होईल.

अर्थात मृत्यू वगळता नाव निघण्याचे मार्ग दोनच : सभासदाने स्वहस्ते पत्र लिहावे, अथवा मंडळाने त्यास काढून टाकावे. पहिला मार्ग सभ्य गृहस्थास संकोचाचा वाटे, दुसरा मंडळास. परिणामी, ज्याचा उत्साह ओसरला तो मनुष्य राजीनामा देत नसे; तो केवळ येईनासा होई आणि पैसे पाठवीनासा होई. नाव मात्र यादीत राही, आणि त्या नावासमोर दर तिमाहीस १३ शिलिंगांची भर पडत जाई.

या ठिकाणी थकबाकीचा एक विशेष धर्म लक्षात येतो. एक तिमाही चुकलेला सभासद १३ शिलिंग देऊन सहज परत येऊ शकतो. पाच वर्षे न आलेल्या सभासदाकडे १३ पौंड निघतात. दहा वर्षांनी २६. मंडळाच्या बैठकीस पुन्हा जावे असे ज्यास वाटत असेल त्याला दारातच एवढ्या रकमेची आठवण होणार. म्हणून थकबाकी जितकी जुनी तितकी ती वसूल होण्याची आणि तो सभासद परतण्याची शक्यता कमी. मुदत असलेल्या सभासदत्वात सभासदाचे देणे एका मुदतीपलीकडे वाढत नाही, आणि परतू पाहणाऱ्यास नव्या वर्षाची वर्गणी देऊन नव्याने आरंभ करता येतो. मुदत नसलेल्या सभासदत्वात नोंदवही स्वतःच गळालेल्या सभासदाच्या वाटेत भिंत उभी करते.

३

आरंभीची काही वर्षे हा दोष झाकून गेला. १६६० च्या डिसेंबरात सभासदांची संख्या ५५ पर्यंत मर्यादित ठेवावी असे ठरले होते. सरदार व त्यांहून वरच्या दर्जाचे लोक मात्र या मर्यादेबाहेर धरले होते. ही मर्यादा टिकली असती तर प्रत्येक निष्क्रिय नाव म्हणजे एक अडलेली जागा ठरली असती, आणि यादी वेळोवेळी साफ करणे भागच पडले असते. परंतु मर्यादा लवकरच सुटली. १६६३ साली दुसऱ्या सनदेनंतर नव्याने सभासद नोंदले गेले तेव्हाच त्यांची संख्या शंभराच्या वर गेली होती. जागा अमर्याद झाल्यावर निष्क्रिय नाव कोणाच्याच आड येईना.

त्यानंतर दोन आपत्ती आल्या. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगची साथ उसळली आणि मंडळाच्या बैठका कित्येक महिने बंद राहिल्या. सभासद गावोगाव पांगले. पुढील वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये, शहरास आग लागून सुमारे १३,००० घरे भस्मसात झाली. ग्रेशॅम कॉलेज आगीतून वाचले. परंतु शहराच्या कारभारासाठी व व्यापाऱ्यांसाठी त्याची गरज पडल्याने मंडळास तेथून हलावे लागले. ते अरुंडेल हाऊस येथे गेले व १६७३ च्या अखेरीपर्यंत तेथेच राहिले. हप्ता मागणारा मनुष्य ज्या घरी जावयाचा ते घर उरले नव्हते, आणि सभासद ज्या जागी यावयाचा ती जागाही बदलली होती. वर्गणीची सवय एकदा मोडली म्हणजे ती पुन्हा बसणे किती अवघड असते हे कोणत्याही मंडळाच्या कोषाध्यक्षास ठाऊक असते. नियमाने मात्र या काळाचीही आकारणी चालूच राहिली. कारण ‘हजर असो वा नसो’ हे शब्द पहिल्याच ठरावात होते.

तिसरे कारण आपत्तीचे नव्हते, रचनेचे होते. सभासदांत पुष्कळजण लंडनबाहेर राहणारे होते : विद्यापीठांतील अध्यापक, बिशप, जमीनदार, परदेशी वकिलातीतील अधिकारी. त्यांना बैठकींचा लाभ नव्हता. तरी शिलिंग तोच. लंडनच्या रहिवाशास जी वर्गणी बैठकीचे मूल्य वाटे, तीच परगावच्या सभासदास दंडासारखी वाटे. या दोहोंसाठी निराळे दर ठेवण्याची कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. सवलत द्यावयाची तर ती व्यक्तिशः, ठराव करूनच द्यावी लागे. हूक यास १६६३ साली निवडताना सर्व आकारणीतून मोकळे केले होते; त्याचे श्रम हीच त्याची वर्गणी होती.

४

परगावच्या सभासदाच्या खात्याचे सर्वांत बोलके उदाहरण आयझॅक न्यूटन याचे आहे. त्याची निवड ११ जानेवारी १६७२ रोजी झाली. तो केंब्रिजला राहत असे. लंडनच्या बैठकींस येणे त्यास जमत नव्हते. प्रकाश व रंग यांविषयीच्या त्याच्या लेखावरून वाद सुरू झाले, तेव्हा मार्च १६७३ मध्ये त्याने चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यास लिहून आपले नाव कमी करावे अशी विनंती केली. वादाचा उल्लेख न करता त्याने कारण दिले ते अंतराचे : आपला मंडळास उपयोग नाही आणि दूर असल्याने मंडळाचा आपणास लाभ नाही.

हे पत्र म्हणजे सुटकेच्या कलमाचा सरळ वापर होता. न्यूटनचे नाव त्याच वेळी वगळले गेले असते तर नियमाप्रमाणे त्यात काही वावगे नव्हते. परंतु ओल्डेनबर्गने ते पत्र राजीनामा म्हणून पुढे न रेटता अडचण पैशाची असावी असे धरले आणि तिमाही हप्ते माफ करवून घेण्याची तयारी दाखविली. न्यूटनने जून महिन्यात उत्तर दिले की, या तसदीबद्दल आभार, पण अद्याप प्रयत्न केला नसेल तर तो करू नये. यावर प्रकरण तसेच पडून राहिले. न्यूटन गेला नाही, राहिलाही नाही. नाव यादीत होते.

२८ जानेवारी १६७५ रोजी कार्यकारी मंडळाने न्यूटनला साप्ताहिक वर्गणीतून मुक्त केले. त्याची परिस्थिती तशी असल्याचे ओल्डेनबर्गने सांगितले होते. ही परिस्थिती कोणती असावी याचा तर्क करता येतो. ट्रिनिटी कॉलेजातील त्याची फेलोशिप धर्मदीक्षा न घेतल्यास त्याच वर्षी संपणार होती. राजाकडून सवलत मिळून ती वाचली ती पुढे एप्रिलमध्ये. वर्गणी निवडीच्या दिवसापासून मोजली तर तीन वर्षांचे त्याचे देणे १५६ शिलिंग, म्हणजे ७ पौंड १६ शिलिंग भरते. सवलत मिळाल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १८ फेब्रुवारी रोजी, न्यूटन लंडनच्या बैठकीस प्रथमच हजर राहिला आणि त्याने सनद-पुस्तकात स्वाक्षरी केली. हिशेबाची भिंत दूर होताच सभासद आत आला, असे या तारखांवरून दिसते. थकबाकी व उपस्थिती यांचा जो संबंध वर सांगितला त्यास याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. मात्र अशी माफी मिळण्यासाठी सभासदाच्या बाजूने बोलणारा चिटणीस असावा लागतो, हेही विसरता कामा नये.

५

न्यूटनचे खाते माफ झाले त्याच सुमारास इतरांची खाती वसूल करण्याची मोठी खटपट चालू होती. दर वर्षी ३० नोव्हेंबर या सेंट अँड्र्यूच्या दिवशी मंडळाची वार्षिक निवडणूक होई, आणि त्या वेळेसाठी सभासदांची यादी एका मोठ्या कागदावर छापली जाई. या छापील यादीत देणारा व न देणारा असा भेद नसे. तिचा उपयोग मतदानासाठी होता, तसा मंडळाची प्रतिष्ठा दाखविण्यासाठीही होता. सरदार, बिशप व दरबारी यांची नावे अग्रभागी असलेली लांब यादी परदेशी विद्वानांना आणि देशातील टीकाकारांना दाखविण्याजोगी असे. थॉमस स्प्रॅट याने १६६७ साली मंडळाचा जो इतिहास प्रसिद्ध केला त्यातही ही नामावली दिलेली आहे.

कोषाध्यक्षास लागणारी यादी निराळी होती. १६७० नंतरच्या दशकात मंडळाच्या चालकांनी हाताने लिहिलेल्या ज्या याद्या केल्या त्यांत सभासदांचे वर्ग पाडलेले आढळतात : नियमाने देणारे, सांगितल्यास देतील असे, परगावी असलेले, आणि ज्यांच्याकडून काही आशा नाही असे. हीच त्या संस्थेची स्मरणयादी होय. छापील यादी सभासद किती हे सांगते. ही यादी ते कसे आहेत हे सांगते. दोन्हींत नावे तीच असली तरी त्यांतून उभे राहणारे मंडळ एक नाही. एकाच दप्तरात या दोन याद्या शेजारी शेजारी असताना अभ्यासकाने केवळ छापील यादीतील नावे मोजली तर तो संस्थेचा आकार न मोजता तिची इच्छा मोजतो.

या दोन याद्यांतील अंतर पैशात कसे उतरते हे एका कल्पित आकड्याने समजून घेता येईल. छापील यादीत दोनशे नावे आहेत आणि त्यांपैकी निम्मी वर्गणी देतात, असे धरावे. आकारणी ५२० पौंड, वसुली २६०. उरलेले २६० पौंड हिशेबात ‘येणे’ म्हणून लिहिले जातात. पुढील वर्षी तेच घडते, व येणे ५२० होते. चौथ्या वर्षाअखेर ते १,०४० पौंड होते. कागदावर संस्था श्रीमंत होत जाते आणि पेटीत पैसा नसतो. अशा हिशेबात येण्याची रक्कम वर्षागणिक जवळपास सारख्याच प्रमाणात वाढताना दिसली तर ती नव्या चुकारांमुळे वाढत नसून जुन्याच मृत खात्यांवर आकारणी चालू असल्यामुळे वाढते, हे अभ्यासकाने ओळखावे.

१६७४ साली कार्यकारी मंडळाने यावर कायद्याचा उपाय योजिला. सनद-पुस्तकातील वचन नैतिक स्वरूपाचे होते. त्यावरून कोणावर फिर्याद लावणे कठीण. म्हणून सभासदांकडून करारपत्र लिहून घेण्याचे ठरले : आपण सभासद आहोत तोपर्यंत वर्षास ५२ शिलिंग चार समान हप्त्यांनी देऊ. या एका कागदाने वर्गणीचे रूपांतर देणगीतून ऋणात झाले. तथापि करारपत्रावर प्रथम सही केली ती अर्थातच जे एरवीही देत होते त्यांनी. ज्यांच्यासाठी उपाय होता ते सही करण्यास आलेच नाहीत. आणि एखाद्या सरदारावर दोन-तीन पौंडांसाठी दावा लावणे हे राजाश्रयाची अपेक्षा करणाऱ्या मंडळास परवडणारे नव्हते. करारपत्राचा खरा उपयोग जुन्या सभासदांवर नव्हे, तर नव्याने येणाऱ्यांवर होणार होता, हे कळण्यास आणखी काही वर्षे लागली.

६

१६८० नंतरच्या दशकात धोरण बदलले. १६८२ साली सभासद निवडीचा नियम कडक करण्यात आला. सुचविलेल्या नावाचा विचार कार्यकारी मंडळाने आधी करावा, असे ठरले. निवडून यावयाचे आणि वर्गणी द्यावयाची नाही, अशा लोकांची भरती थांबविणे हा त्यामागील एक हेतू होता. याच सुमारास, १६८२ ते १६८५ या काळात, दीर्घकाळ न देणाऱ्यांची नावे यादीतून काढण्यात आली. शेवटच्या टप्प्यात अध्यक्षपदी सॅम्युएल पीप्स होता. आरमार-खात्याचा हा अनुभवी अधिकारी वह्या, याद्या आणि शिल्लक यांत मुरलेला होता.

यादी यामुळे एकाएकी आखूड झाली. छापील यादीतील संख्याच पाहणाऱ्यास १६८० च्या दशकात मंडळास ओहोटी लागली असे वाटेल. परंतु काढून टाकलेले लोक त्या वर्षी गळाले नव्हते; ते दहा-पंधरा वर्षांपूर्वीच गळाले होते, त्यांची नोंद मात्र त्या वर्षी झाली. ओहोटी खरोखर १६७० च्या दशकातील, आणि ती फुगलेल्या यादीखाली दडलेली. गळतीची तारीख आणि गळतीच्या नोंदीची तारीख यांत असे अंतर पडणे हा मुदत नसलेल्या प्रत्येक नोंदवहीचा दोष आहे. ज्या नोंदवहीत नाव दर वर्षी नव्याने चढते तिच्यात हे अंतर जास्तीत जास्त एका वर्षाचे राहते.

यादी साफ झाली तरी रिकामी पेटी लगेच भरली नाही, आणि तिचा परिणाम विज्ञानाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. १६८६ साली मंडळाने फ्रान्सिस विलोबी याचा माशांवरील सचित्र ग्रंथ मोठ्या खर्चाने छापला व तो खपला नाही. त्याच वर्षी न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे हस्तलिखित मंडळाकडे आले. २ जून १६८६ रोजी कार्यकारी मंडळाने ठराव केला की, ग्रंथ छापावा, त्याची देखरेख एडमंड हॅली याने करावी आणि छपाईचा खर्चही त्यानेच सोसावा. हॅली त्या वेळी मंडळाचा पगारी लेखनिक होता. ग्रंथ १६८७ मध्ये बाहेर पडला. मुखपृष्ठावर परवानगी देणारा अध्यक्ष म्हणून पीप्सचे नाव आहे. खुद्द हॅलीला ५० पौंड वेतनाऐवजी माशांवरील ग्रंथाच्या ५० प्रती देण्यात आल्या. या आपत्तीचे निमित्त माशांचा ग्रंथ हे असले तरी एका ग्रंथाच्या अपयशाने संस्था कोरडी पडावी, एवढी ती आधीच पोकळ झाली होती. ज्या शेकडो पौंडांची ‘येणे’ म्हणून नोंद होती त्यांचा एक अंश जरी हाती असता तरी हा ठराव निराळ्या शब्दांत लिहिला गेला असता.

मंडळाचा आर्थिक आधारही हळूहळू वर्गणीवरून अन्यत्र सरकू लागला होता. राजाने दिलेली चेल्सी येथील मालमत्ता १६८२ साली त्यालाच १,३०० पौंडांस परत विकण्यात आली, व तो पैसा मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनीच्या भागांत गुंतविला गेला. सभासदांचा शिलिंग अनिश्चित ठरला तेव्हा पूर्वेकडील व्यापाराचा लाभांश मदतीस आला, ही गोष्ट भारतीय अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

७

१७०३ साली न्यूटन स्वतः अध्यक्ष झाला आणि १७२७ पर्यंत त्या पदावर राहिला. एके काळी वर्गणीतून सूट मिळालेल्या या मनुष्याच्या कारकीर्दीत वर्गणीची शिस्त बसली, हा इतिहासातील एक योगायोग म्हणावा लागेल. निवडून आलेल्या व्यक्तीने प्रवेशशुल्क भरून व करारपत्र लिहून दिल्याखेरीज तिला प्रवेश देऊ नये, असा दंडक त्या काळी घालण्यात आला. यात नवी कल्पना कोणतीच नव्हती; करारपत्र १६७४ पासून होतेच. बदलला तो क्रम. पूर्वी मनुष्य आधी आत येई आणि मग त्याच्यामागे स्मरणपत्रे लागत. आता कागद व पैसा दाराशी घेतला जाऊ लागला. १७१० साली मंडळाने क्रेन कोर्ट येथील वास्तू १,४५० पौंडांस विकत घेतली आणि पन्नास वर्षांनंतर त्यास स्वतःचे घर मिळाले.

या पन्नास वर्षांच्या कागदपत्रांवरून सभासद-नोंदवही वाचण्याविषयी जे निष्पन्न होते ते थोडक्यात सांगता येईल. कोणत्याही मंडळाची सभासदसंख्या ही एक संख्या नसते. यादीत नाव असलेले, वर्गणी देणारे आणि प्रत्यक्ष येणारे, या तीन निरनिराळ्या संख्या असतात, आणि संस्थेचे वार्षिक वृत्तांत त्यांपैकी सर्वांत मोठी असते तीच देतात. त्यांतील अंतर किती वाढू शकते हे नियमातील एका गोष्टीवर अवलंबून असते : काहीच न करणारा सभासद नियमाच्या दृष्टीने आत राहतो की बाहेर पडतो. तो बाहेर पडत असेल, तर तीन संख्या एकमेकींच्या जवळ राहतात आणि गळतीची नोंद वेळच्या वेळी होते. तो आत राहत असेल, तर यादी फुगते, येणे वाढते, आणि एखाद्या पीप्सने यादीवर रेघ ओढली की संख्या कोसळते. मात्र त्या वर्षी प्रत्यक्षात काहीच घडलेले नसते.

आपल्याकडील एकोणिसाव्या शतकातील सभा, वाचनालये व व्याख्यानमंडळे यांचे अहवाल तपासणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून पहिला प्रश्न सभासद किती होते हा विचारू नये. त्याने आधी नियमावली उघडून सभासदत्व कशाने संपत असे ते पाहावे. मग जमाखर्चात वर्गणीची प्रत्यक्ष जमा शोधावी, तीस वर्गणीच्या दराने भागावे, आणि आलेली संख्या अहवालातील संख्येशेजारी ठेवावी. दोहोंत फरक निघाला तर तो लेखनिकाची चूक समजून सोडून देण्याजोगा नसतो. त्या फरकातच येईनासे झालेले लोक असतात, आणि संस्थेच्या इतिहासातील पुष्कळसा अनुक्त भाग त्यांचा असतो.